मी मावशीचे जुलाब थांबवले

ही गोष्ट घडली तेव्हा बोरीवली स्टेशनच्या पश्चिमेला एका औषधाच्या दुकानात मी सहा वर्षं काउंटरवर उभी होते. डी. फार्म झालेली, पांढरा कोट घालणारी, आणि गिऱ्हाइकांवर खेकसणारी. त्या काळी काउंटरमागे मुलगी दिसली की लोक म्हणायचे, "मालक नाहीत का?" मी म्हणायचे, "मालकांना औषधातलं कळत नाही, मला कळतं, बोला." मालक गल्ल्यावर बसून हसायचे. त्यांना माझा फटकळपणा चालायचा, कारण पूर्वेच्या चाळींतले सगळे कोकणवाले माझ्यासाठी फाटक ओलांडून आमच्या दुकानात यायचे.

गणपतीच्या आधी पंधरा दिवस तर नुसती झुंबड. बारा-चौदा तासांचा एस.टी.चा प्रवास, पोरंबाळं, म्हातारी माणसं. प्रत्येक जण येऊन तेच मागायचा : उलटीची गोळी, तापाची गोळी, आणि "रस्त्यात पोट बिघडलं तर" म्हणून जुलाब थांबवणारी गोळी. एकेकाला पट्टी कापून देता देता हात दुखून यायचे. मग मीच एक युक्ती काढली. खाकी कागदाची छोटी पाकिटं करायची, आत तिन्ही गोळ्या घालायच्या, आणि वर मराठीत लिहायचं, कशाला कोणती, किती. जुलाबापुढे मी लिहायचे : आधी दोन, मग दर वेळी एक. गणपतीचं पाकीट म्हणून ती इतकी चालली की मालकांनी मला बाकीच्यांसमोर शाबासकी दिली. मी फार खूश होते. आज त्या खुशीची मला शिसारी येते, ती का हे पुढे सांगते.

पाकिटं चिकटवायचं काम घरी मावशी करायची. घर म्हणजे पूर्वेच्या चाळीतली एक खोली, तिच्यात आम्ही दोघी. माझी आई मी चार वर्षांची असताना गेली, वडिलांनी दुसरं लग्न केलं, आणि मावशीने मला उचलून आणलं. तिला मूलबाळ नव्हतं. काकांची गिरणी संपात बंद पडली आणि वर्षभरात काकाही गेले. त्यानंतर तिने चार घरची पोळीभाजी करून माझी फी भरली. मी डी. फार्म झाले तेव्हा ती चाळभर सांगत फिरली, "आमचा चेडू डॉक्टरच्या खालोखाल आसा." मी तिच्यावर ओरडले होते, असं काही नसतं म्हणून.

तिचं माहेर खाली मालवणकडे. माहेर होतं पण जाणं नव्हतं. आजोबा गेल्यावर जमिनीच्या कागदावर सही करण्यावरून तिचं आणि मामाचं वाजलं होतं. एकदा रागात त्याने "माझ्या उंबऱ्यावर पाय ठेवू नको" म्हटलं, आणि ही तशीच हट्टी. अकरा वर्षं गेली. दर गौरींना चाळीतल्या बायका माहेरी निघाल्या की ती खोलीचं दार लावून आत भांडी घासत बसायची. त्या आवाजाने मला तिथे बसवायचं नाही.

त्या वर्षी श्रावणात मामाचं पत्र आलं. चार ओळी. गवरीक ये, वहिनी वाट बघता, झाला गेला सोड. मावशीने ते मला तीन वेळा वाचायला लावलं. मग पदराने डोळे पुसून म्हणाली, "अकरा वर्सांनी भावान बोलावल्यान, बाये. आता मी चालत जाईन." मी तिचं शुक्रवार सकाळच्या गाडीचं रिझर्व्हेशन केलं.

पत्र आलं त्याच्या आसपास तिची दाढ सुजली. गाल फुगून डोळ्यापर्यंत गेला. पेनिसिलिनचं इंजेक्शन दिल्यावर पूर्वी एकदा तिच्या अंगभर गांधी उठल्या होत्या, म्हणून दाताच्या डॉक्टरांनी क्लिंडामायसिन या दुसऱ्या प्रतिजैविकाच्या कॅप्सूल लिहून दिल्या, दिवसातून चार, सात दिवस. त्या मीच आमच्या दुकानातून आणल्या. पट्ट्या आणल्या, खोका दुकानात राहिला. सूज उतरली, दाढ काढली, सगळं छान झालं. कॅप्सूल संपून आठवडा झाला होता. आमच्या डोक्यातून तो विषय गेलाच होता.

मंगळवारी तिला जुलाब सुरू झाले. पातळ, अगदी पाण्यासारखे, हिरवट, आणि वास असा की बाहेरच्या गॅलरीत बायका नाक मुरडायच्या. चाळीत सोळा खोल्यांना चार संडास, गॅलरीच्या टोकाला. ती डबा घेऊन जायची, परत यायची, डबा भरायची आणि पुन्हा जायची. दिवसभरात बारा-तेरा वेळा. पोटात कळ आली की भिंतीला धरून उभी राहायची. अंग थोडं कोमट होतं. मी मीठ-साखरेचं पाणी करून तिला पाजत होते. तेवढं मी बरोबर केलं, हे मी स्वतःला पुष्कळदा सांगितलं आहे.

बुधवारी संध्याकाळी मी दुकानातून आले तर ती पिशवी भरत होती. भावासाठी धोतरजोडी, वहिनीला साडी, पोरांना खाऊ. तोंड सुकलेलं. मी म्हटलं, "मावशी, तुला जमणार नाही. डॉक्टरकडे जाऊ, शनिवारची गाडी बघू."

"शनिवारची गाडी मिळतली कशी, गणपतीत? आणि डॉक्टर काय सांगतलो? पडून ऱ्हव. माका पडून ऱ्हवाचा नाय." मग एकदम आवाज उतरला. "एस.टी.त बारा तास बसाचा आसा, मधी खय जाऊ मी? तू लोकांका गोळी देतस मां. माका दे."

मी दिली. हे सगळं त्या एका शब्दापाशी येऊन थांबतं. ती कशामुळे आजारी आहे हे मी विचारलं नाही. गेल्या महिन्यात काय औषध घेतलंस, हा प्रश्न मी तिला विचारायचा होता आणि उत्तर मलाच ठाऊक होतं. पण माझ्या डोक्यात होतं ते पाकीट : जुलाब, आधी दोन, मग दर वेळी एक. गिऱ्हाईक समजून मी माझ्या मावशीला औषध दिलं. दोन गोळ्या पाण्याबरोबर, आणि "लागली तर अजून घे" एवढं बोलून मी भात लावायला गेले.

गुरुवारी मी कामावर होते. घरात कोपऱ्यात पाकिटांचा ढीग होता, तिनेच चिकटवलेला. तिने एकेक फोडून गोळ्या काढल्या. नंतर मला पाच रिकामी पाकिटं सापडली, नीट घडी करून उशाखाली ठेवलेली. संध्याकाळी मी आले तेव्हा चेहरा खुलला होता. "थांबले गो. सकाळपासून एकदा पण नाय." चाळीतल्या शेजारणीही खूश. एक म्हणाली, "तुझ्या हाताची गोळी लागू पडते हां, मानलं." मीही खूश झाले. गोळी लागू पडली म्हणजे माणूस बरा झाला, असंच मी तेव्हा मानत होते.

रात्री जेवायला ती बसली नाही. पोट टणक लागत होतं. म्हणाली, गॅस धरलाय, ओवा दे. मी ओवा दिला, बेंबीभोवती हिंगाचं पाणी लावलं. हाताला पोट ताणलेल्या ढोलकीसारखं लागत होतं आणि कातडी गरम होती. मला तेव्हा कळायला हवं होतं. ज्याचे जुलाब बरे झालेत त्याचं पोट असं फुगत नाही, त्याला भूक लागते.

सकाळी डेपोत गाडी लागली होती. मी तिची पिशवी घेतली होती. ती दारापाशी आली, एक पाय पायरीवर ठेवला आणि तशीच उभी राहिली. मागची माणसं म्हणाली, "चढा ना आजी, चला." तिने माझ्याकडे बघितलं. चेहऱ्यावर घाम, ओठ पांढरे. "माका चढवत नाय गो," ती म्हणाली, आणि खाली बसली. कंडक्टरने आणि दोन माणसांनी मिळून तिला रिक्षात घातलं. गाडी आमच्यासमोर सुटली.

महापालिकेच्या इस्पितळात शस्त्रक्रियेच्या वॉर्डात घेतलं तिला. डॉक्टर बाई अगदी तरुण होत्या, माझ्याच वयाच्या, रात्रभर जागलेल्या. नाडी धरली, पोट दाबलं, नाकातून पोटात नळी घातली, एक्स-रे सांगितला. मग विचारलं, "शौचाला कधी झालं?"

"काल पहाटेपासून नाही," मी म्हणाले.

"त्याआधी?"

"जुलाब होते."

"काही औषध घेतलं? घरगुती, गोळी, काहीही?"

मी तोंड उघडलं. मावशीने माझा हात दाबला आणि मान हलवली. "नाय," ती डॉक्टरांना म्हणाली, "आपसूक थांबले." तिला वाटलं, मी डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय गोळी दिली हे कळलं तर माझी नोकरी जाईल, लायसन्स जाईल, पोलीस येतील. तिला माझी काळजी होती. मला कोणाची काळजी होती? मी गप्प राहिले.

त्यांना वाटलं आतडं कुठेतरी अडलं असेल, गाठ असेल, पीळ पडला असेल. त्या दिशेने ते शोधत होते. एक्स-रेत मोठं आतडं सायकलच्या ट्यूबसारखं फुगलेलं दिसलं. मोठे सर्जन राउंडला आले, ते बघून म्हणाले, अडथळा दिसत नाही, मग हे फुगलंय कशाने? मी भिंतीला टेकून उभी होते, आणि उत्तर माझ्याजवळ होतं.

दुपारी चारला मावशीला भ्रम झाला. ती मला माझ्या आईच्या नावाने हाक मारायला लागली. तेव्हा मी डॉक्टर बाईंना बाहेर बोलावून सगळं सांगितलं. गोळ्या किती, कधी. आणि सांगता सांगता मला स्वतःलाच दाढ आठवली. "त्याआधी क्लिंडामायसिन झालं होतं, सात दिवस. संपून दहा-अकरा दिवस झाले."

त्यांनी केसपेपरवर ते लिहून घेतलं. मग म्हणाल्या, "हे सकाळी का नाही सांगितलंत?" त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

मग सगळी धावाधाव. मोठ्या सर्जननी नळी घालून आतून बघितलं. आतड्याच्या आतल्या बाजूला पिवळट पांढरे चट्टे होते. आतड्यात एरवी कोपऱ्यात दबून असलेला जंतू असतो, बाकीच्या जंतूंमुळे तो डोकं वर काढत नाही. कॅप्सूलने ते बाकीचे मारले, हा मोकाट सुटला, आणि त्याने विष तयार केलं. जुलाब सुरू झाले ते त्या विषाने. डॉक्टर बाईंनी मला ओट्यावर बसवून हे सगळं सांगितलं, जणू मी शिकाऊ विद्यार्थी आहे. "जुलाब म्हणजे शरीर घाण बाहेर टाकत होतं. तुम्ही गोळीने आतडं थांबवलंत. घाण आतच राहिली, आतडं आधीच सुजलेलं, ते लुळं पडलं आणि फुगलं. अशा जुलाबांत गोळी पहिली द्यायची नाही. प्रतिजैविक चालू असेल तर डॉक्टरला विचारून ते थांबवायचं, पाणी भरायचं, शौच तपासायची, मग जंतूवरचं औषध. थांबवायची घाई करायची नाही."

मी म्हटलं, "गोळ्या घेतल्या नसत्या तर इतकं झालं नसतं ना?"

"ते मी सांगू शकत नाही. गोळ्या न घेताही काही जण असे गंभीर होतात. पण गोळ्यांनी वाईट केलं, आणि सकाळचे काही तास गेले."

त्या जंतूवरचं औषध, व्हॅन्कोमायसिन, इस्पितळात नव्हतं. तिथे मला एकदाच उपयोगी पडता आलं. कुठल्या घाऊक दुकानदाराकडे ती कुपी मिळेल हे मला माहीत होतं. शहरात जाऊन मी दहा कुप्या आणल्या. इंजेक्शनची पूड पाण्यात विरघळवून नाकातल्या नळीतून पोटात सोडायची असते, कारण शिरेतून दिलं तर ते आतड्यात पोचतच नाही. दुसरं औषध, मेट्रोनिडाझोल, शिरेतूनही लागू पडतं, ते चालू होतं. शनिवारी संध्याकाळी ताप चढला, रक्तदाब खाली आला, आणि मोठ्या सर्जननी सांगितलं, आतडं फुटायच्या बेतात आहे, काढावं लागेल. मी सही केली. मोठं आतडं काढलं. रविवारी दुपारी ती गेली. भान आलंच नाही तिला. तेवढी एक गोष्ट मला हलकी वाटते, आणि तीही खरी आहे की नाही कोण जाणे.

सोमवारी मी दुकानात गेले, का गेले ठाऊक नाही. आतल्या कपाटात क्लिंडामायसिनचा तो खोका अजून होता. आत बारीक इंग्रजीतला घडीचा कागद. आम्ही पट्ट्या कापून देत असू, त्यामुळे तो कागद गिऱ्हाइकापर्यंत कधी जायचाच नाही. जास्तीचे कागद थर्मामीटर गुंडाळायला वापरायचो. मी तो पहिल्यांदा उघडून वाचला. वरच्याच भागात लिहिलं होतं, तीव्र आतड्याचा दाह होऊ शकतो, औषध संपल्यावरही होऊ शकतो, आतड्याची हालचाल मंद करणारी औषधं देऊ नयेत. सहा वर्षं तो कागद माझ्या हाताखालून गेला होता. मालकांना मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, "देवाची मर्जी, तू मनाला लावून घेऊ नको." मी त्यांच्यावर ओरडले आणि राहिलेली पाकिटं फाडून टाकली. काउंटरवर मी त्यानंतर अठरा वर्षं उभी होते. जुलाबाची गोळी मागणाऱ्याला मी आधी विचारायचे, गेल्या दोन महिन्यांत कसलं प्रतिजैविक घेतलंत, ताप आहे का, रक्त पडतंय का, पोट फुगलंय का. लोक वैतागायचे. एकजण म्हणाला, "बाई, गोळी द्या, पोलीस तपास नको." मी नाही दिली.

तेराव्याला मामा आला होता. काळा, वाळका, गावाच्या बसमधून थेट. चाळीच्या गॅलरीत बसला होता. त्याला मी शाळेत असताना शेवटचं बघितलं होतं. जेवणावळ आटोपल्यावर त्याने मला जवळ बसवलं आणि विचारलं, नेमका काय झाला? मी म्हणाले, "पोट बिघडलं. आतड्याला सूज आली." त्याने टोपी काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाला, "मी तिका बोलवूक नको होता. बरा नसताना निघाली, माझ्यासाठी निघाली. माझ्या बोलावण्यान ती गेली."

तेव्हा मी सांगू शकत होते. वाक्य तोंडात होतं. नाही मामा, तुझ्या बोलावण्याने नाही, माझ्या गोळीने. पण इस्पितळात गप्प राहिले तशीच इथेही गप्प राहिले, आणि त्याने माझ्या डोक्यावर हात ठेवला.

पुढच्या वर्षापासून गौरींना तो मला बोलवायला लागला. मावशीच्या जागी मी माहेरवाशीण. पहिलं पान मला वाढायचे, मामी ओटी भरायची. जेवून झालं की दर वर्षी तो पडवीत बसून तेच बोलायचा, मी बोलवूक नको होता. आधी शब्दांत, मग म्हातारा झाल्यावर नुसती मान हलवून. सोळा वर्षं मी त्याच्यासमोर बसून हे ऐकलं. त्याच्यासाठी सुपारी कातरत बसायचं, इतकंच मी केलं. तो गेला तेव्हाही त्याने मला उशाशी बोलावून तेच म्हटलं. मी त्याचा हात धरून म्हणाले, "असं नको म्हणूस मामा." का नको, ते मी त्याला सांगितलं नाही.